पंपखोलीच्या सावलीतली फुले

त्या पडद्याची दोरी मी माझ्या हाताने वर बांधली होती, हे आरंभीच सांगतो. पुढे जे घडले त्यात बऱ्याच जणांचा हात होता असे भासवण्याचा मोह मला पूर्वी झाला आहे आणि तो पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

वसईजवळच्या गिरीज गावात एका जुन्या केळीच्या वाडीचा तुकडा आमच्या बियाणे कंपनीने भाड्याने घेतला आहे. मुख्य कार्यालय दूरच्या शहरात आहे. इथे आम्ही मोजकी माणसे, एक विहीर, एक पंपखोली, एक जाळीचे घर आणि अर्ध्या एकराहून थोडी कमी जमीन. काम असे की पावसाळी सोयाबीन हिवाळ्यातही एकदा पिकवून घ्यायचे, म्हणजे नवे वाण तयार व्हायला जी वर्षे लागतात त्यांतली काही वाचतात. वसईला गारठा बेताचाच, त्यामुळे सोयाबीन इथे डिसेंबरातही उगवते. आणि रात्री मोठ्या असल्याने ते लवकर, गुडघ्याएवढेही न होता फुलते. शेंगा थोड्या लागतात, पण आम्हाला पीक नको असते, पुढच्या पिढीचे बी हवे असते. ते जूनच्या पेरणीआधी मुख्य कार्यालयात पोचले पाहिजे. मी या ठिकाणचा प्रमुख. मूळचा मराठवाड्यातला, वसईत फ्लॅट घेऊन राहिलेला, आता पन्नाशी ओलांडलेला.

आणि ताई. शेजारच्या पापडी गावच्या. अकरा वर्षांपूर्वी निंदणीला म्हणून आल्या आणि हळूहळू पेरणीच्या याद्या, पुड्यांवरचे क्रमांक, परागीकरणाचा चिमटा, सारे त्यांच्या हातात गेले. पुडी हातात घेतली की वर्षापूर्वी तिच्यातले झाड कसे होते ते त्या सांगत. एवढे असून त्या कंत्राटावरच होत्या. दर वर्षी मार्चमध्ये कायम करण्याच्या नावांची यादी निघे आणि त्यांचे नाव काही ना काही कारणाने राहून जाई. वयाची अट असल्यामुळे यंदाची यादी ही त्यांच्यासाठी शेवटची होती. हे त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते. "यंदा माझ्या नावापुढे काही येऊ देऊ नका साहेब," असे त्या दिवाळीनंतर एकदा म्हणाल्या होत्या. मी म्हटले होते, "येईल कसे?"

त्या वर्षी आमच्याकडे सोयाबीनच्या जोडीला गहूही आला. परदेशातले, कडक हिवाळ्याच्या मुलुखातले गव्हाचे काही वाण आपल्या गव्हाशी संकर करण्यासाठी पाठवण्यात आले होते. तांबेरा रोगाला दाद न देण्याचा गुण त्यांच्यात होता. पण या गव्हाचा एक हट्ट असतो. कोवळ्या वयात काही आठवडे गारठा सोसल्याशिवाय तो ओंबी धरत नाही. नुसती पाने काढत गवतासारखा बसून राहतो. जिथला तो, तिथे हिवाळ्यात ओंबी धरली तर बर्फात मरण. म्हणून हिवाळा होऊन गेल्याची खूण पटेपर्यंत तो थांबतो. आम्ही त्याला फ्रिजमध्ये तो हिवाळा दाखवतो. याला शास्त्रात व्हर्नलायझेशन म्हणतात, मराठी पुस्तकांत शीतसंस्कार. कोरडे बी थंडीत ठेवून उपयोग नसतो. बी भिजवून, मोड दिसू लागल्यावर, ओल्या कागदात गुंडाळून चार-पाच अंशांवर ठेवायचे, सहा ते आठ आठवडे.

आमचे पहारेकरी मामा कळंबचे, पूर्वी समुद्रावर जाणारे. फ्रिजचे दार उघडून त्यांनी ती कागदाची भेंडोळी पाहिली आणि म्हणाले, "आमी उन्हात उभे आनि गव्हाला थंड पानी, थंड हवा. कोनत्या जन्मीचं पुन्य याचं?"

"त्याला हिवाळा लागतो मामा. नाहीतर लग्नच करत नाही," ताई म्हणाल्या.

"मग आमच्या धाकट्यालाबी ठेवा दोन महिने आत."

याच मामांनी एकदा त्या फ्रिजमध्ये बोंबील ठेवले होते. ताईंनी ते बाहेर काढून त्यांच्या सायकलच्या हँडलला अडकवले आणि दिवसभर अवाक्षर काढले नाही. तशी शिस्त त्यांची.

नोव्हेंबरात दोन दिवस वीज गेली आणि फ्रिज आतून कोमट झाला. आठ आठवडे पुरे करायला वेळ नव्हता, कारण आपल्या गव्हाला ज्या सुमारास फुलोरा येणार त्याच सुमारास या पाहुण्यालाही यायला हवा. साधारण सहा आठवड्यांनी, डिसेंबराच्या मध्यावर, मी ती रोपे बाहेर काढून जाळीच्या घरात कुंड्यांत लावली. गव्हाला दिवस मोठा मिळाला की तो लवकर ओंबी धरतो, म्हणून जाळीच्या घरात सोडियमचे पिवळे दिवे होते. ते सूर्यास्ताला लागत आणि रात्री दहाला आपोआप विझत. गव्हाच्या दृष्टीने इथला डिसेंबर युरोपातला जून होई.

पण शेजारीच, पंपखोलीच्या पलीकडे, सोयाबीन होते आणि सोयाबीनचा हिशेब नेमका उलटा. ते रात्र मोजते. सलग, अखंड, पुरेशी लांब रात्र मिळाली तरच ते फुलाकडे वळते. रात्रीची सुरुवात दिव्याने पुसली तर उन्हाळा आहे असे समजून ते वाढतच राहते. त्यासाठी उजेडही फार लागत नाही. म्हणूनच जाळीच्या घराला सोयाबीनच्या बाजूने जाड काळा पडदा होता. दिवसा तो वर गुंडाळलेला असे. संध्याकाळी दिवे लागण्यापूर्वी मामा तो खाली सोडत. अनेक वर्षे हे असेच चालत आले होते आणि म्हणून ते कुठे लिहिलेले नव्हते.

गहू लावल्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन तापले. थंडी पुरी न मिळालेल्या रोपांना लगेच तीस अंशांच्या वरची उष्णता लागली, तर मिळालेली थंडीही पुसली जाऊ शकते. मला ती भीती होती. पडदा खाली सोडला की खाडीकडून येणारा वारा अडे आणि दिव्यांची ऊब आतच कोंडे. तेव्हा मी पडदा वर ठेवून दोरीला गाठ मारली आणि मामांना सांगितले, "मी सांगेपर्यंत हा खाली सोडू नका." मनात होते चार-पाच दिवस. सोयाबीन तेव्हा नुकतेच उगवले होते. इतक्या कोवळ्या रोपांना चार दिवसांच्या उजेडाने काय होणार, असे मी स्वतःला सांगितले आणि ते फारसे चूकही नव्हते.

चूक पुढची. मी मामांना परत काही सांगितलेच नाही. नाताळ आला, पाहुणे आले, वार्षिक अहवाल आला. दिवसा पडदा वर असणे हे नेहमीचेच, त्यामुळे येता-जाता खटकण्यासारखे काही नव्हते. ताई सहाच्या आत घरी जात, मी त्याच्याही आधी. रात्रीचा पडदा पाहणारे एकटे मामा आणि त्यांना हुकूम होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीनच्या लांबच्या ओळी फुलल्या. पानांच्या बेचक्यांत दडलेली ती बारीक जांभळी फुले दुरून दिसत नाहीत. पान उचलावे लागते. पंपखोलीजवळच्या बारा ओळींत मात्र पाने उचलून उचलून हात दमले, फूल नाही. झाडे उंच, गर्द हिरवी, माजलेली.

"हे काय नवल," ताई म्हणाल्या. त्यांच्या हातात पेरणीची यादी होती. "या बारांत चार तर सगळ्यांत हळवे वाण आहेत. यांनी पहिलं फुलायला हवं."

मी ओळींमधून चालत पंपखोलीपाशी गेलो. तिथे थांबलो. पंपखोलीच्या मागे, त्याच न फुललेल्या ओळींत, एक तिरका पट्टा फुललेला होता. पट्टा पंपखोलीपाशी भिंतीएवढा रुंद आणि पुढे पसरत गेलेला, जशी दिव्यासमोरच्या वस्तूची सावली पसरते. एकाच पुडीतले बी, एकाच ओळीत. पट्ट्याच्या आत फुले, बाहेर पाने. मी मान वर केली. पंपखोलीच्या पलीकडे जाळीचे घर होते आणि गुंडाळलेल्या पडद्याला माझी गाठ.

मला सारे त्याच क्षणी कळले. हे मी पुढे अनेकदा, अनेक प्रकारे नाकारले, म्हणून इथे स्पष्ट लिहितो: संशय आला नाही, कळले. नव्याने आलेल्या मुलामुलींना गेली वीस वर्षे मी हाच धडा शिकवत आलो होतो. फळ्यावर दोन आडव्या पट्ट्या काढायच्या, एक दिवसाची, एक रात्रीची, आणि रात्रीच्या पट्टीवर खडूने एक ठिपका द्यायचा. "एवढा उजेड पुरे," असे म्हणायचे. तो ठिपका मीच दिला होता.

ताई लांबच्या टोकाला यादी पडताळत होत्या. मी त्यांना हाक मारली नाही.

चार-पाच दिवसांनी मुख्य कार्यालयातून सरांचा, म्हणजे माझ्या वरिष्ठांचा, फोन आला. त्यांना बारा ओळींची बातमी लागली होती.

"बी मिसळलं का? पुड्यांची अदलाबदल?" त्यांनी विचारले.

"पेरणी यादीप्रमाणेच झाली आहे," मी म्हटले.

"पुड्या कोणी भरल्या?"

मी ताईंचे नाव सांगितले.

"मग मिसळ झालेली असू शकते. की तुम्ही ती शक्यता नाकारता?"

त्या वेळी वारा पडलेला होता. खिडकीतून पडद्याची गुंडाळी दिसत होती. मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही."

हे वाक्य खोटे नव्हते, म्हणूनच ते इतके सोयीचे होते. जगात कोणतीच शक्यता सर्वस्वी नाकारता येत नाही. सर म्हणाले, तसे लेखी पाठवा, आणि मी ते पाठवले. माझ्या बढतीचा प्रश्न नव्हता, नोकरी जाण्याचीही भीती नव्हती. भीती होती ती हसण्याची. दिनमानावर व्याख्याने देणारा माणूस पडदा सोडायला विसरला, हे कोणी चहाच्या टपरीवर सांगेल आणि चार माणसे हसतील, एवढीच. त्या चार हसण्यांच्या बदल्यात मी एका बाईची अकरा वर्षे देऊन टाकली.

आणि याहून वाईट ते सांगायचे राहिले. चूक कळल्यावर पडदा त्याच संध्याकाळी खाली सोडता आला असता. त्या ओळी उशिरा का होईना फुलल्या असत्या. मी तो सोडला नाही. पडदा खाली आला की मामा विचारणार, ताई विचारणार, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी आलेली फुले माझ्याच पत्राला खोटे पाडणार. म्हणून रोज सूर्यास्ताला दिवे लागत राहिले आणि रोजची ती रात्र, जी सोयाबीनला हवी होती, मी जाणूनबुजून पुसत राहिलो. जूनची पेरणी एकेका दिवसाने जवळ येत होती. मी वावरात जाणे टाळू लागलो. कामे टेबलावरूनच सांगायचो.

जानेवारी संपता संपता ताईंच्या नावे कार्यालयाचे पत्र आले. बियाण्याच्या मिसळीबाबत खुलासा द्यावा. पत्रात माझे वाक्य अवतरणात होते, खाली माझे नाव. ताईंनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवले, वाचले का म्हणून विचारले नाही, आणि म्हणाल्या, "उत्तर पंधरा दिवसांत द्यायचं आहे. त्याआधी सर स्वतः पाहायला येणार आहेत म्हणे."

"हो. पुढच्या मंगळवारी."

"तोपर्यंत मी काही लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "यादीत नाव जायचं ते त्यानंतरच ना?"

"त्यानंतरच."

त्या गेल्या. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरे वाटले असते.

सरांच्या भेटीआधीचा रविवार होता. घरी बसवेना. संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास मी स्कूटर काढून गिरीजला गेलो. मामा फाटकाशी रेडिओ ऐकत होते. "आज सुट्टीचं कसं?" म्हणाले. मी काहीतरी पुटपुटलो. जाळीच्या घरातले दिवे लागलेले होते आणि त्यांचा पिवळा उजेड पंपखोलीला वळसा घालून सोयाबीनवर सांडला होता. पंपखोलीची सावली नेमकी त्या फुललेल्या पट्ट्यावर पडलेली. इतके दिवस मी जे दिवसाच्या उजेडात पाहिले होते, ते प्रथमच त्याच्या वेळी पाहिले.

आणि उजेडात, दुसऱ्या ओळीच्या टोकाला, काहीतरी काळे दिसले. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या रोवून त्यांवर जाड काळे कापड आणि त्यावर दुहेरी गोणपाट घातलेले, कडेला विटा. तसेच आणखी एक सातव्या ओळीत. प्रत्येकाखाली पाच झाडे असावीत. सातव्या ओळीतल्या गोणपाटाची एक वीट सरकली होती आणि वाऱ्याने अर्धे आच्छादन उलटून पडले होते. दोन झाडे उघडी होती आणि दिव्याच्या उजेडात चमकत होती.

मी जवळ गेलो, वाकलो, एक पान उचलले. बेचक्यात कळ्या होत्या. हिरव्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, झुपक्याने.

ताईंनी रोज संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशीही येऊन, ही झाडे झाकली होती आणि सकाळी माझ्या येण्याआधी उघडली होती. कळ्यांवरून दिसत होते की हे जवळजवळ तीन आठवडे चालले आहे, म्हणजे माझे पत्र जाण्याच्याही आधीपासून. त्यांनी कोणाला काही न सांगता, दहा झाडांना त्यांची रात्र परत दिली होती. एकाच ओळीत, एकाच पुडीतल्या, झाकलेल्या झाडांना फूल आणि उघड्यांना नाही, असे ठरले की बी मिसळल्याचा प्रश्नच उरत नव्हता.

वारा होता. ते गोणपाट वाऱ्यानेच उलटले होते. मी पाहिले नसते तरी तसेच राहिले असते. ती दोन झाडे उजेडात राहिली असती तर राहिली असती. आणि दुसऱ्या ओळीतले गोणपाटही आज ना उद्या वाऱ्याने उडाले असते. असे सारे विचार माझ्या मनात आले. ते आले, हे मी लपवत नाही. मग मी गोणपाट नीट पसरले, कडेने बोटांनी चाचपून पाहिले की कुठून उजेड शिरत नाही, आणि विटा ठेवल्या. पंपाजवळून आणखी दोन आणल्या. हे काही मोठे केले असे नाही. केले नसते तर मी कोण ठरलो असतो, एवढेच त्या वेळी कळले.

पडदा मात्र तेव्हाही सोडला नाही. तेवढे धैर्य अजून गोळा झाले नव्हते.

सोमवारी सकाळी ताई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सातव्या ओळीत दोन विटा जास्त आहेत," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. "वाऱ्याने उलटलं होतं."

"मामा म्हणाले, तुम्ही आला होता." "आमच्या घराच्या कुंपणावर वालाचा वेल आहे साहेब. नगरपालिकेने रस्त्यावर दिवा लावला त्या वर्षापासून दिव्याखालचा वेल नुसता पानांत माजतो. पलीकडच्या अंगाला शेंगा, अलीकडे नाही. सासू म्हणायची, नजर लागली. मी इथे काम करते म्हणून मला माहीत की नजर नाही, दिवा आहे. संक्रांतीच्या दोन दिवस आधी लग्नाच्या हळदीहून परत येत होते. रिक्षा या रस्त्याने आली. पाहिलं तर आमच्या सोयाबीनवर उजेड. पडदा वर."

"मग मला का नाही विचारलं?"

"विचारणार होते. म्हटलं, आधी दहा झाडं झाकून बघू. चुकीचं बोलायला नको. तुम्हीच शिकवलंय, पुराव्याशिवाय बोलू नये." त्यांनी पदर सारखा केला. "तेवढ्यात ते पत्र आलं."

बाहेर मामांनी पंप सुरू केला.

"उद्या सर येतील," ताई म्हणाल्या. "मी गोणपाटं काढून ठेवू का राहू देऊ? तुम्ही सांगाल तसं."

"मी सांगेन तसं?"

"इथले साहेब तुम्ही. काढली तरी कळ्या काही लगेच जाणार नाहीत. पण झाकलं होतं हे कोणाला कळणार नाही. मी म्हणेन, काही झाडं उशिरा फुलली. बी मिसळलं असेल असंही म्हणेन, तुम्हाला तेच हवं असेल तर." त्या जायला वळल्या आणि दारात थांबल्या. "आमच्यात चर्चमध्ये फादरपुढे गुडघे टेकून पाप सांगावं लागतं. तिथे 'शक्यता नाकारता येत नाही' असं म्हणून चालत नाही."

"राहू द्या," मी म्हणालो. "गोणपाटं राहू द्या."

सर मंगळवारी अकराला आले. उंच, चष्म्याचे, वेळ न घालवणारे गृहस्थ. चहा नाकारून थेट वावरात गेले. ताई यादी घेऊन दहा पावले मागे. सरांनी पहिल्या ओळीतली झाडे पाहिली, पुड्यांचे क्रमांक विचारले, ताईंनी न अडखळता सांगितले.

"हे बघा बाई," सर म्हणाले, "चूक कोणाकडूनही होते. पण ती मान्य केली तर—"

"सर, इकडे या," मी म्हणालो. मी त्यांना दुसऱ्या ओळीच्या टोकाला नेले आणि पान उचलले. ज्या पाच झाडांवर दिवसा फक्त कामट्या होत्या, त्यांतल्या दोघांवर सकाळी फुले उघडली होती. जांभळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. शेजारचे झाड, त्याच ओळीतले, पानांनी गच्च आणि वांझ. मग मी त्यांना पंपखोलीच्या मागचा पट्टा दाखवला आणि मग पडदा.

मी सर्व सांगितले. गहू कोणत्या परिस्थितीत बाहेर काढला, गाठ का मारली, ती सोडायची कशी राहिली. इतपत सांगून थांबलो असतो तर तो एक प्रामाणिक विसरभोळेपणा ठरला असता. ताई दहा पावलांवर होत्या. म्हणून पुढचेही सांगितले: पत्र लिहिले तेव्हा मला हे कळलेले होते आणि कळल्यावरही दिवे तसेच चालू राहिले.

सरांनी जवळ जाऊन दोरीची गाठ पाहिली. "आजही तशीच आहे," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही मला फोनवर का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

त्यांनी ताईंना विचारले, "ही झाकायची कल्पना तुमची?"

"कल्पना कसली सर," ताई म्हणाल्या, "वालाचा वेल आहे घरी."

सर हसले नाहीत. जाताना मला म्हणाले, "पहिलं पत्र मागे घ्या, आजच. पण यादीच्या बैठकीत विचारणार की बारा ओळींचं बी आलं का. बी नसेल तर मी कोणाची बाजू घेऊन बोलणार? जूनच्या आत बी द्या, मग नावाचं बघतो. शब्द देत नाही."

माझ्या चुकीने हरवलेले बी आता ताईंच्या नावाचा आधार झाले होते. त्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी मी गाठ सोडायला गेलो. डिसेंबरातली गाठ, दव आणि धुळीने आवळलेली, नखांनी सुटेना. मामांनी कोयती पुढे केली. "कापा साहेब. सोडत बसाल तर उजेड व्हायचा."

त्यानंतरचे आठवडे आम्ही मोजत काढले. फेब्रुवारी संपता संपता बारा ओळींत फुले दिसली, प्रथम हळव्या वाणांवर, मग इतरांवर. मार्चची यादी ताईंच्या नावावाचून निघाली. सरांनी ते पुरवणी यादीसाठी राखून ठेवले असे कळले, पण लेखी काही नव्हते. एप्रिलमध्ये उन्हाने पाने करपू लागली तेव्हा ताई दुपारीही ओल तपासत फिरत. शेंगा थोड्या आणि दाणा बारीक. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची ओळ काढली. बारांपैकी अकरा ओळींचे बी मिळाले. एका उशिरा पिकणाऱ्या, गरव्या वाणाने शेवटपर्यंत पुरेसे दिले नाही. ते एक वर्ष मागे पडले, आणि ते माझ्या नावावर आहे.

गव्हाचे काय झाले, असे कोणी विचारते. निम्म्या कुंड्यांत ओंबी आली, निम्म्यांत गवतच राहिले. पडदा वर बांधल्याने काही रोपे वाचली की फ्रिजमधल्या त्या दोन कोमट दिवसांनी सगळे आधीच ठरले होते, हे सांगता येत नाही. ज्याच्यासाठी हे सारे केले, ते उपयोगी पडले की नाही हेही मला ठाऊक नाही.

ताईंना कायम केल्याचे पत्र मेअखेरीस आले, बी वाळत घातलेले असताना. त्यांनी पेढ्यांचा पुडा आणला. मामांना दोन दिले, निंदणीच्या बायकांना दिले, माझ्या टेबलावर पुडा ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या साहेब." मी काही बोलू पाहिले. त्या म्हणाल्या, "पेढा घ्या आधी." मग बोलणे झाले नाही. आजवर झालेले नाही. माझी एक बदली निघाली होती, ती पुढे रद्द झाली. सरांनी तसे का केले ते मी विचारले नाही.

पुढच्या हिवाळ्यात सोयाबीन उगवले त्या दिवशी ताईंनी रोजच्या नोंदवहीत पट्टीने एक नवा रकाना आखला. वर लिहिले: पडदा खाली, वेळ, सही. सही कोणाची ते लिहिले नाही. संध्याकाळी पावणेसहाला त्या वही घेऊन आल्या, उघडून माझ्यासमोर ठेवली आणि पेन पुढे केले. पडदा मामा सोडतात. पण सही करण्यापूर्वी मला उठून पाहून यावे लागते, कारण न पाहता सही केली तर ते त्यांना कळेल.

आता मी सहाच्या आधी घरी जात नाही. उठतो, पंपखोलीला वळसा घालतो, पडद्याची खालची कड जमिनीला टेकली आहे का ते वाकून बघतो. परत येतो. त्या उभ्याच असतात. मी वेळ लिहितो, सही करतो, आणि त्या वही मिटून म्हणतात, "उद्या भेटू साहेब."